डिस्क भरल्यावर काय करायचे? एका रनबुकाची रचना

रनबुक म्हणजे एका ठरावीक प्रकारच्या कामासाठी लिहून ठेवलेल्या क्रमवार पायऱ्या. सर्व्हरची देखभाल करणाऱ्या विभागांत शिफ्ट बदलतात, माणसे बदलतात. तरी एकाच प्रकारचा बिघाड प्रत्येकाने एकाच रीतीने दूर करावा, यासाठी ते लिहितात. ‘डिस्क ९० टक्के भरली’ या इशाऱ्याच्या रनबुकावरून त्याची रचना समजते.

रनबुक आधी कामाच्या प्रकाराशी जोडावे लागते. प्रोमिथियस या देखरेखीच्या प्रणालीत इशाऱ्याच्या नियमातच `runbook_url` या नावाने रनबुकाचा पत्ता देण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे मध्यरात्री इशारा आला तरी पायऱ्या शोधत बसावे लागत नाही.

‘जागा मोकळी करा’ एवढेच लिहिले, तर एक जण जुने लॉग पुसेल आणि दुसरा डेटाबेसच्या फाइलींना हात लावेल. म्हणून प्रत्येक पायरीत काय करायचे, त्यानंतर काय दिसायला हवे आणि तसे दिसले नाही तर पुढे काय, हे तिन्ही लिहितात. लिनक्स सर्व्हरवर `/var` भरले असेल, तर सुरुवातीच्या आज्ञा अशा:

```
df -h
du -xh --max-depth=1 /var | sort -h
```

पहिल्या आज्ञेने कोणती डिस्क किती भरली ते कळते. दुसरीच्या यादीत सहसा शेवटची ओळ `/var`ची एकूण बेरीज असते आणि तिच्या आधीची ओळ सर्वांत मोठ्या फोल्डरची. ते `/var/log` निघाले आणि त्यात जर्नलचाच भार असेल, तर `journalctl --vacuum-size=500M` ही आज्ञा जुन्या नोंदी काढते. ते डेटाबेसचे निघाले, तर काहीही न पुसता डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवायचे, हेही रनबुकातच लिहिलेले असते.

इथली नेहमीची अडचण अशी, की मोठी लॉग फाइल पुसूनही `df` तोच आकडा दाखवते. एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाइल उघडी धरलेली असते. तो फाइल सोडेपर्यंत जागा सुटत नाही. `lsof +L1` या आज्ञेने असा प्रोग्राम सापडतो. तो पुन्हा सुरू करावा लागतो. पण कोणता प्रोग्राम कोणाच्या परवानगीने सुरू करायचा, हे रनबुकाने आधीच ठरवलेले असावे.

शेवटी `df -h` पुन्हा चालवून भरणा ८० टक्क्यांखाली आल्याची खात्री करायची आणि आकडा तिकिटात नोंदवायचा; मगच काम संपते.

हे काम पूर्वी न केलेल्या माणसाला फक्त कागद देऊन चाचणी घेतात. तो जिथे अडतो किंवा प्रश्न विचारतो, ती पायरी अपुरी असते. तोच इशारा वारंवार येऊ लागला, तर मात्र पायऱ्या पुरत नाहीत. लॉग इतके का वाढतात याचे कारण शोधण्याचे वेगळे काम काढावे लागते.