‘Skip’ कुठे दाबायचं आणि कुठे नाही

मावशीने नवा अँड्रॉइड फोन घेतला, तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, द्या इकडे, पाच मिनिटांत चालू करून देतो.” मावशीने खोकं पिशवीत टाकलं आणि सरळ घरी आली. मागच्या फोनच्या वेळी तिने असाच फोन एका दुकानदाराच्या हातात दिला होता. त्याने तिच्या नावाचं नवं जीमेल खातं उघडलं, पासवर्डही स्वतःच टाकला. वर्षभराने मावशी पॅटर्न विसरली, म्हणून भाच्याने बटणं दाबून फोन रीसेट केला. फोन सुरू झाला आणि आधीचं गुगल खातं मागू लागला. चोरलेला फोन पुसून वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे, पण इथे मालकीणच बाहेर राहिली. मग बिल घेऊन सर्व्हिस सेंटरच्या चकरा.

या वेळी आम्ही दोघं रविवारी दुपारी जुना-नवा फोन शेजारी ठेवून बसलो. नवा फोन एकामागून एक वीसेक प्रश्न विचारतो. ते दोन प्रकारचे असतात. काहींचं उत्तर नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन कधीही बदलता येतं. तिथे खुशाल पुढे जावं. काही मात्र एकदा टाळले की परत येणं जिकिरीचं. असे तीनच.

पहिला, गुगल खात्याचा. इथे नवं खातं काढू नका. जुन्या फोनवरचंच टाका. संपर्क आणि बॅकअप त्याच खात्याला बांधलेले असतात. मावशीच्या खात्याचा पासवर्ड आम्ही आदल्या दिवशीच बदलून तिच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवला होता.

दुसरा, ‘Copy apps & data’. इथे ‘Don't copy’ दाबून पुढे गेलात, तर काही फोनमध्ये ही सोय नंतर सापडते, पण पुष्कळदा फोन रीसेट करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आम्ही दोन्ही फोन केबलने जोडले. मध्येच फोनने जुन्या फोनचा पिन विचारला. तो माहीत नसेल, तर काम तिथेच अडतं. फोटो, मेसेज, फोनमध्येच साठवलेले नंबर असं सगळं यायला पाऊण तास लागला. ॲप्स त्यानंतर प्ले स्टोअरवरून उतरत राहिली. यूपीआय मात्र असं येत नाही. ते ॲप सिममधून मेसेज पाठवून नंबर तपासतं, त्यामुळे सिम नव्या फोनमध्ये टाकून ती नोंदणी पुन्हा करावी लागते.

बाकीचे प्रश्न झटपट उरकले. आवाज ओळखणारा मदतनीस: ‘Skip’. कंपनीचं वेगळं खातं: ‘Skip’. कंपनीने सुचवलेल्या ॲप्सच्या यादीत आधीच टिकमार्क केलेले होते. ते सगळे काढले. गुगलच्या सेवांच्या पानावर ‘Send usage and diagnostic data’ बंद केलं. त्याने फोनचं काही अडत नाही. लोकेशन चालू ठेवलं, कारण फोन हरवला तर शोधायला ते लागतं. स्क्रीन लॉकचा पिन मात्र तिथेच टाकला. तो नंतरही टाकता येतो, पण मग राहून जातो, आणि चोरापासूनचं संरक्षण लॉक असला तरच पुरतं लागू होतं.

तिसरा प्रश्न सेटअप संपल्यावर येतो, म्हणून फसवतो. व्हॉट्सॲप उघडून नंबर टाकला की ते जुना बॅकअप सापडल्याचं सांगतं आणि विचारतं: ‘Restore’ की ‘Skip’? तोवर बोटाला ‘Skip’ची सवय लागलेली असते. मावशीचं बोट तिकडे गेलंच. मी हात धरला. चुकून दाबलं गेलं, तर ॲप लगेच काढून पुन्हा टाकावं, म्हणजे तोच प्रश्न परत येतो. उशीर केला, तर रिकाम्या व्हॉट्सॲपचा नवा बॅकअप जुन्यावर बसू शकतो. शिवाय बॅकअप ताजा हवा आणि तो याच गुगल खात्यात हवा. जुन्या फोनवर ‘Chat backup’मध्ये तारीख आणि खातं दोन्ही दिसतात. मावशीची तारीख तीन महिन्यांपूर्वीची निघाली होती. सिम हलवण्याआधी आम्ही तिथलं ‘Back up’ दाबून घेतलं.

जुना फोन आठवडाभर तसाच ठेवला. रोज काही ना काही राहिलेलं आठवत होतं. एकदा गॅस बुकिंगचा नंबर, एकदा भिशीचा हिशोब. मग तो कामवाल्या ताईंच्या मुलीला द्यायचं ठरलं. मी रीसेट करायला घेतला, तर मावशीनेच अडवलं. “आधी माझं खातं काढ त्यातून. नाहीतर त्या पोरीला माझा पासवर्ड विचारत बसेल तो.”