गॉगल का घालायचा, हे सांगणारी नोटीस

बांधकामाच्या साइटवर गेटजवळचा फळा सूचनांनी भरलेला असतो. ‘हेल्मेट वापरा’, ‘सावधान, काम चालू आहे’, ‘विनापरवानगी प्रवेश नाही’. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या गृहप्रकल्पावर साइट मॅनेजरने लावलेली नोटीस मात्र दीड पानाची होती. पहिल्या परिच्छेदात हुकूम होता: सोमवारपासून ग्राइंडर, कटर, ड्रिल, छिन्नी-हातोडा, वेल्डिंग, काँक्रीट आणि गिलावा यांतलं काहीही चालू असेल त्या मजल्यावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांवर संरक्षक गॉगल लावायचा, मॅनेजर, इंजिनियर, मुकादम आणि फ्लॅट बघायला आलेली मंडळीसुद्धा याला अपवाद नाहीत. उरलेल्या सव्वा पानात फक्त कारणं होती. सकाळी काम सुरू होण्याआधी ती मराठीत आणि हिंदीत मोठ्याने वाचून दाखवली गेली, कारण सळई बांधणाऱ्या आणि सेंटरिंगच्या कित्येक माणसांना वाचता येत नाही.

कायद्याचा हवाला एका ओळीत उरकला होता. वेल्डिंग, कटिंग, चिपिंग, ग्राइंडिंग अशा कामांत डोळ्यांसाठी योग्य साधन मालकाने द्यायचं आणि कामगाराने ते वापरायचं, असं बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत आहेच. पण कायद्यात आहे म्हणून कुणी मे महिन्याच्या उन्हात घामेजल्या चेहऱ्यावर प्लॅस्टिकचा गॉगल चढवत नाही. तो चढवला जातो तो डोळ्याचं नेमकं काय होतं हे कळल्यावर, आणि म्हणून ही कारणं सावकाश वाचण्यासारखी आहेत.

सगळ्यात मोठा भाग ग्राइंडरचा होता. साइटवर सर्रास दिसतो तो चार इंची हातग्राइंडर. त्याच्या चाकाचा व्यास १०० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला साधारण ११,००० फेरे. चाकाचा परीघ ३१ सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो. गुणाकार केला की चाकाची कड सेकंदाला जवळपास ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर धावते असं निघतं. सळई कापताना उडणारे लोखंडाचे कण साधारण त्याच वेगाने सुटतात. कापणाऱ्याचा डोळा चाकापासून हातभर अंतरावर असतो. तेवढं अंतर कापायला कणाला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही आणि पापणी मिटायला त्याच्या दसपट तरी वेळ लागतो. ‘मी डोळे बारीक करून काम करतो, वीस वर्षांत काही झालं नाही’ असं अनुभवी फिटर सांगतो, त्याला नोटिशीचं उत्तर हा हिशोबच होता. डोळे बारीक केल्याने निशाण थोडं लहान होतं, एवढंच.

कण तापलेला असतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, तो आदळतो आणि रुतून बसतो. हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आहे आणि त्यात संवेदना पोचवणाऱ्या नसांचं दाट जाळं आहे, म्हणून टाचणीच्या डोक्याहून लहान कणही दगडाएवढा खुपतो. अश्रू खारट, त्यात लोखंड. काही तासांत कणाभोवती गंज धरू लागतो आणि तो पडद्यात झिरपून तांबूस कडं उमटतं. म्हणूनच कण आपोआप पडून गेला तरी डोळा खुपत राहतो, कारण कण गेला तरी गंज मागे राहिलेला असतो.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते नोटिशीत एका उदाहरणाने सांगितलं होतं. सळई कापणारा कामगार दुपारी चारच्या सुमारास डोळा चोळतो. शेजारचा जोडीदार रुमालाचं टोक पिळून, नाहीतर काडीपेटीतली काडी घेऊन ‘कचरा’ काढतो. थोडं बरं वाटतं. संध्याकाळी मेडिकलमधून कसले तरी थेंब आणून टाकले जातात. रात्री पाणी येतं, उजेड सोसत नाही. दुसऱ्या दिवशी एका डोळ्यावर हात ठेवून काम होतं, कारण खाडा परवडत नाही. तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक, आणि बुबुळावर पांढरट ठिपका. हा ठिपका म्हणजे जंतुसंसर्गाची खूण. तो बरा झाला तरी तिथे वण राहतो, आणि वण नजरेच्या रेषेत असला तर पुढे आयुष्यभर त्या डोळ्याला धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. या साखळीत कणापेक्षा जास्त नुकसान रुमालाने, काडीने आणि थेंबांनी केलेलं असतं. मेडिकलमधल्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, पण खाली संसर्ग मोकाट वाढतो. बधिर करणारे थेंब वारंवार टाकले तर पडद्याची जखम भरतच नाही.

हेच काम डोळ्यांच्या दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटांचं आहे. डॉक्टर भूल देणारा थेंब एकदा टाकतात, स्लिट लॅम्प नावाच्या सूक्ष्मदर्शकासमोर बसवतात आणि बारीक सुईच्या टोकाने कण उचलतात. गंजाचं कडं राहिलं असेल तर ते खरवडतात किंवा एक-दोन दिवसांनी पुन्हा बोलावून काढतात. तीन दिवसांनी जाण्यात आणि त्याच संध्याकाळी जाण्यात फरक आहे तो एवढा.

छिन्नी-हातोड्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त भयंकर वाटते. काँक्रीटला टाचे मारून मारून छिन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरतं. त्या पसरलेल्या कडेचा तुकडा घाव बसताना तुटतो आणि धारदार पात्यासारखा उडतो. तो बुबुळावर अडकत नाही, थेट आत घुसतो. जखम इतकी बारीक की ती आपोआप मिटते. दुखणं बेताचं, नजर कधीकधी पहिल्या दिवशी ठीक. कामगार म्हणतो, काहीतरी लागलं होतं, आता बरं आहे. पण लोखंड डोळ्याच्या आत असतं, आणि ते तिथे राहिलं तर आठवड्यांत, महिन्यांत हळूहळू विरघळून दृष्टिपटल निकामी करतं. म्हणून हातोड्याचा घाव घालताना डोळ्याला काही लागल्याचं जाणवलं, तर दुखत नसलं तरी डोळा दाबायचा नाही, धुवायचा नाही, चोळायचा नाही. वर कागदी कप किंवा तसलं काही टेकवून थेट मोठ्या नेत्ररुग्णालयात जायचं आणि ‘लोखंडावर लोखंड मारत होतो’ हे डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे ते एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतील. छिन्नीचं पसरलेलं डोकं ग्राइंडरवर घासून सरळ करणं हा यावरचा पहिला उपाय, आणि नोटिशीत तो गॉगलच्याही आधी लिहिला होता.

सिमेंट आणि चुना यांच्याबाबत मात्र नियम अगदी उलटा. ओलं सिमेंट हा तीव्र क्षार आहे. आम्ल डोळ्याच्या वरच्या थरात थबकतं, क्षार मात्र आत आत मुरत जातो. म्हणून इथे आधी धुवायचं आणि मग दवाखाना. लगेच, स्वच्छ पाण्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान १५ ते ३० मिनिटं. पापणीखाली चिकटलेले चुन्याचे खडे ओल्या कापसाने काढायचे, नाहीतर धुतलं तरी ते जळत राहतात. साइटवर प्रत्येक तिसऱ्या मजल्यावर झाकणाच्या पिंपात पिण्याचं पाणी आणि तांब्या ठेवण्याची सोय त्याच नोटिशीने केली होती. वेल्डिंगबद्दल दोनच ओळी होत्या. त्या झगझगीत उजेडाने डोळ्याला झालेली भाजणी सहा-बारा तासांनी, म्हणजे झोपेत जाणवते, आणि साधा पारदर्शक गॉगल वेल्डरच्या काळ्या काचेची जागा घेऊ शकत नाही. हे वेल्डरला ठाऊक असतं. नळी धरून उभ्या असलेल्या त्याच्या मदतनिसाला बहुधा नसतं.

मग गॉगल कसला? रस्त्यावर मिळणारा काळा गॉगल किंवा नंबरचा साधा चष्मा चालत नाही. काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात. लागतो तो पॉलिकार्बोनेटचा. युरोपच्या ईएन १६६ या मानकात ‘एफ’ अशी खूण असलेल्या चष्म्यावर सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून पाहिलेली असते. सळईचे कण त्याहून वेगाने येतात, पण ते त्या गोळीच्या मानाने नगण्य वजनाचे असतात, म्हणून चष्मा त्यांना पुरतो. फुटलेल्या चाकाच्या तुकड्याला तो पुरत नाही. त्यासाठी चष्म्यावरून चेहरा झाकणारी ढाल लागते. नुसती ढालही पुरत नाही, कारण कण हनुवटीखालून वर शिरतो. ज्यांना कडेच्या पट्ट्या नाहीत असे चष्मे लावूनही इजा होतात. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या एका जुन्या पाहणीत जखमी कामगारांपैकी जवळपास पाचातल्या तिघांनी डोळ्यांवर काहीही लावलेलं नव्हतं. उरलेल्यांनी काही ना काही लावलं होतं, तरी इजा झालीच.

मुकादमांशी बोललं की खरी तक्रार ऐकू येते. वाफ धरते. पावसाळ्यात दमट हवेत पाच मिनिटांत काच पांढरी होते आणि सळईच काय, पायाखालची परांचीही दिसत नाही. ही सबब नाही, हा धोकाच आहे. म्हणून नोटिशीत धूळ फार उडत नाही अशा कामांसाठी हवा खेळणारे उघडे चष्मे आणि चिपिंगसाठी बंद गॉगल, असे दोन प्रकार ठेवले. दोन्हींना धुकं न धरणारा लेप असलेले. काच ओरखड्यांनी धुरकट झाली की स्टोअरमध्ये देऊन नवी घ्यायची, पैसे कापले जाणार नाहीत. आणखी एक बारीकशी सूचना होती, जी मला फार मोलाची वाटली. गॉगल काढण्याआधी मान खाली घालायची, भुवया आणि केस झटकायचे, मग काढायचा. दिवसभर कपाळावर साचलेली लोखंडी धूळ नेमकी गॉगल काढताना डोळ्यात पडते.

दंडाचा उल्लेख शेवटी होता. गॉगलशिवाय दिसला त्याला त्या मजल्यावरून खाली पाठवलं जाईल, पैशांचा दंड नाही. त्याखाली एक ओळ हाताने लिहिलेली होती, आणि वाचून दाखवताना ती दोनदा वाचली गेली. डोळ्यात काही गेलं म्हणून जो दवाखान्यात जाईल, त्याचा त्या दिवसाचा रोज पूर्ण धरला जाईल. रोज कापला जात असेल तर माणूस डोळ्यातला कण सांगत नाही, जोडीदाराकडून काडीने काढून घेतो, आणि साइटवर कुणाला कळतं ते तिसऱ्या दिवशी.