संध्याकाळी साडेसहाची भूक
लेखांक ६

गेल्या आठवड्यात झोपेबद्दल बोललो. आज ऑफिसात संध्याकाळी लागणाऱ्या भुकेबद्दल, कारण नेटाने व्यायाम सुरू केलेल्या अनेकांचं गणित तिथेच फिसकटतं.

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन छोट्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल स्रवतं. त्याला उगाच खलनायक ठरवू नये. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत वर असतं, मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. ताण आला की या उतरणीत मध्येच चढ येतो. ताणाच्या पहिल्या काही मिनिटांत भूक उलट मरते, म्हणूनच महत्त्वाच्या मीटिंगआधी घास उतरत नाही. खाण्याची ओढ लागते ती नंतर, मीटिंग संपली तरी कॉर्टिसॉल रेंगाळत असतं तेव्हा. आणि ती ओढ बहुधा गोडाची किंवा तेलकटाची असते.

अमेरिकेत एलिसा एपेल आणि सहकाऱ्यांनी हे 59 स्त्रियांवर तपासलं; निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. एका दिवशी त्यांना घाईघाईत आकडेमोड करायला आणि लोकांसमोर भाषण द्यायला लावलं, दुसऱ्या दिवशी नुसता आराम दिला. दोन्ही दिवशी शेवटी खायला ठेवलं. ज्यांचं कॉर्टिसॉल ताणामुळे जास्त चढलं, त्यांनी त्या दिवशी इतरांपेक्षा जास्त खाल्लं. आरामाच्या दिवशी मात्र दोन्ही गटांचं खाणं जवळपास सारखं होतं. म्हणजे या स्त्रिया मुळातच खादाड नव्हत्या. ताणात सगळेच जास्त खातात असंही नाही. काहींचं जेवण अशा दिवसांत निम्म्यावर येतं.

आता मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा. ताणाखाली मेंदू विचारपूर्वक निवड कमी करतो आणि अंगवळणी पडलेलं जास्त करतो. डेव्हिड नील आणि वेंडी वूड यांनी परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा सवयी सुटण्याऐवजी घट्ट झालेल्या दिसल्या. ज्यांना सकाळी अरबट-चरबट खायची सवय होती ते तेच जास्त खाऊ लागले, आणि ज्यांना पौष्टिक नाश्त्याची सवय होती त्यांनी तो अधिक नेमाने केला. तेव्हा धकाधकीच्या आठवड्यात मनाचा निर्धार कामी येईल या भरवशावर राहू नये. तिथे उपयोगी पडतं ते आधीच्या निवांत आठवड्यांत बसवलेलं वेळापत्रक.

पुण्यात हिंजवडीला काम करणाऱ्या, अमेरिकेतल्या क्लायंटसाठी रात्री साडेनऊपर्यंत कॉलवर असणाऱ्या कुणाचाही दिवस घ्या. डबा एक वाजता, घरचं जेवण रात्री दहाला. मध्ये नऊ तासांची पोकळी. साडेसहाला पहिला कॉल संपतो आणि पाय आपोआप कँटीनकडे वळतात: वडापाव, चहा, वर बिस्किटं. इथे खरी भूक आणि ताणाची ओढ एकमेकींत मिसळलेली असतात, म्हणून नुसतं ‘खायचं नाही’ असं ठरवून भागत नाही. आधी खरी भूक वेगळी काढायला हवी. पाच वाजता, कॉलच्या आधी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा दोन उकडलेली अंडी खायची. जेवणाचा दुसरा डबा आणून आठला, दोन कॉलच्या मधल्या वेळात जेवायचं. आणि साडेसहाला कॉल संपला की कँटीनच्या विरुद्ध बाजूच्या जिन्याने खाली उतरून दहा मिनिटं चालायचं. कॉल संपणं ही खूण तीच राहते, तिच्यामागून येणारी कृती तेवढी बदलते. चालून आल्यावरही काही खावंसं वाटलं, तर डब्यातली पोळी-भाजी चालेल का, हे स्वतःला विचारावं. चालत असेल तर ती भूक आहे, जेवण अलीकडे घ्यावं. फक्त वडापावच हवा असेल, तर ती बहुधा ताणाची ओढ.

व्यायामालाही हाच नियम. रिलीजच्या आठवड्यात पाऊण तास मिळणार नाही. तेव्हा त्याच वेळी, त्याच बुटांत दहा मिनिटं करावीत. वेळ टिकली की सवय टिकते. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून बुधवार बुडाला तर गुरुवारी दुप्पट करू नये, गुरुवारचंच करावं.

‘कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या’ गोळ्यांवर मात्र पैसे घालवू नयेत. चेहरा गोल होत जाणं, पोटावर रुंद जांभळट वळ उमटणं, जरा लागलं तरी काळंनिळं पडणं, जिना चढताना मांड्यांत बळ नसणं, अशी लक्षणं एकत्र दिसली तर ते ताणाचं खाणं नव्हे. तेव्हा एंडोक्रायनॉलॉजिस्टला दाखवावं, आणि दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता त्यांना आधी सांगावं.