फोटोतल्या आयकर नोटिशीतून चार गोष्टी कशा टिपायच्या



पोरगा पुण्याकडे कंपनीत, आयकराची नोटीस त्याच्या ईमेलवर, आणि फोटो मात्र गावात आईच्या मोबाईलवर. सेलू काय नि पालम काय, हे असंच चालतं. आई घाबरते आणि तो फोटो आपल्या सीआरपी ताईला दाखवते. अशा वेळी आपलं काम कर भरायला सांगायचं नाही. नोटिशीतून चार गोष्टी बरोबर टिपून पाठपुरावा तक्त्यात लिहायच्या, एवढंच. कलम, असेसमेंट इयर, मागणीची रक्कम आणि उत्तराची मुदत. पुढे सीए किंवा कर सल्लागार याच नोंदीवरून बोलणार असतो, म्हणून ती चुकली की सगळंच चुकतं. मी स्वतः चुकले होते, तेच इथं सांगते.

एका ताईंच्या मुलाची नोटीस होती. (ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तारखा बदलल्या आहेत.) मोबाईलवर एकाच पानाचा फोटो, तोही तिरका. मला मोठ्या अक्षरातला 23,400 आकडा दिसला आणि मी तोच मागणी म्हणून लिहिला. खरी मागणी होती 13,220.

असं का झालं? कलम 143(1) च्या सूचनेत एक लांब तक्ता असतो. त्यात दोन रकाने असतात. एकात विवरणपत्रात आपण काय लिहिलं ते, दुसऱ्यात आयकर खात्यानं काय मोजलं ते. मी उचललेला 23,400 हा वर्षाचा एकूण कर होता. मुलानं विवरणपत्रात लिहिलं होतं की एवढा टीडीएस पगारातूनच कापला गेला. खात्याच्या नोंदीत मात्र 11,700 च दिसत होते. उरलेल्या 11,700 वर 1,521 रुपये व्याज लागलं. बेरीज 13,221, दहाच्या पटीत 13,220. म्हणून रक्कम शोधताना मधल्या ओळींवर थांबू नका. तक्त्याच्या शेवटाकडे या, खात्यानं मोजलेल्या रकान्यात `Net Amount Payable` ही ओळ शोधा आणि तोच आकडा लिहा. सापडलं नाही, तर रकाना रिकामा ठेवा. अंदाजाच्या आकड्यापेक्षा रिकामा रकाना बरा, कारण रिकामा रकाना पाहून कुणीतरी विचारतं तरी.

कलम लिहिताना कंसातला आकडा सोडायचा नाही. 143(1) म्हणजे कॉम्प्युटरनं विवरणपत्र तपासून पाठवलेली सूचना. 143(2) म्हणजे विवरणपत्राची सविस्तर चौकशी. कंसात एकाचा फरक, पण काम पार वेगळं. 139(9) म्हणजे विवरणपत्रात त्रुटी आहे, ती दुरुस्त करा. नोटिशीत इतरही कलमं लिहिलेली असतात, व्याजाची, दंडाची. ती उचलू नका. नोटीस कुठल्या कलमाखाली आली हे पहिल्या पानावर, शीर्षकात किंवा विषयाच्या ओळीत असतं. अंधुक फोटोत 1 आणि 7, 3 आणि 8 सारखेच दिसतात, म्हणून शंका आली की नवीन फोटो मागा.

असेसमेंट इयर हे कमाईचं वर्ष नसतं, त्याच्या पुढचं वर्ष असतं. 2023 च्या एप्रिलपासून 2024 च्या मार्चपर्यंतची कमाई असेल, तर नोटिशीवर `Assessment Year` समोर 2024-25 लिहिलेलं असतं. आई म्हणते, "तेवीस सालची नोटीस आहे," आणि आपण 2023-24 लिहून मोकळे होतो. मग पैसे भरताना चलनावर तेच वर्ष जातं, पैसे दुसऱ्याच वर्षाच्या खात्यात बसतात, आणि ही मागणी तशीच उभी राहते. म्हणून ऐकलेलं वर्ष लिहायचं नाही, कागदावरचं जसंच्या तसं उतरवायचं. 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा लागू आहे. त्यात असेसमेंट इयरऐवजी कर वर्ष हा शब्द आला आहे. मात्र आधीच्या वर्षांच्या नोटिशीत जुनीच कलमं आणि असेसमेंट इयर येत राहील.

आता मुदत. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. काही नोटिशींवर उत्तराची शेवटची तारीख छापलेली असते. 143(1) च्या मागणीवर बऱ्याचदा तारीख नसते, फक्त 30 दिवसांत भरा असं लिहिलेलं असतं. हे दिवस नोटीस मिळाल्यापासून धरतात. पण फोटो आईकडे आलेला दिवस म्हणजे नोटीस मिळाल्याचा दिवस नव्हे. मुलाच्या ईमेलवर ती आधीच आलेली असते. म्हणून नोटिशीवरच्या तारखेपासून मोजा. तारीख 18 नोव्हेंबर 2024, तर दुसऱ्या दिवशीपासून 30 दिवस मोजून 18 डिसेंबर 2024. तक्त्यात त्याच्यापुढं "छापील" की "मोजलेली" हेही लिहा. महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहा, म्हणजे 05 आणि 06 ची गल्लत होत नाही. मुदत टळली तर महिन्याला एक टक्का व्याज लागतं, अर्धा महिना झाला तरी पूर्ण महिन्याचं. 13,220 वर ते जवळपास 132 रुपये होतं. शिवाय पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून ही रक्कम वळती होऊ शकते.

आमची दुरुस्त केलेली नोंद अशी झाली:

कलम: 143(1)
असेसमेंट इयर: 2024-25
मागणी: 13,220
नोटिशीची तारीख: 18 नोव्हेंबर 2024
मुदत: 18 डिसेंबर 2024, मोजलेली
पाने: 4 पैकी 4 पाहिली

शेवटची ओळ मुद्दाम ठेवली आहे. एका पानाचा फोटो पाहून भरलेली नोंद अर्धवटच धरा. जमलं तर मुलाला ईमेलमधली पीडीएफच पाठवायला सांगा. ती उघडायचा पासवर्ड साधारण पॅन लहान अक्षरांत आणि त्यापुढे जन्मतारीख असा असतो. ती त्यानं स्वतःच उघडावी, आपल्याला पासवर्ड सांगू नये. फोटोच असेल तर तो उजेडात, सपाट जागी ठेवून, चारही कोपरे दिसतील असा घ्यायला सांगा.

नोटीस खरी आहे का, हेही पाहायला हवं. खात्याच्या कागदावर `DIN` नावाचा नंबर असतो. तो मुलानं `incometax.gov.in` वर `Authenticate Notice/Order Issued by ITD` इथं टाकून पाहावा. तिथं मोबाईलवर ओटीपी येतो, तो त्यानंच भरायचा. फोनवरून ओटीपी विचारणारा आयकर खात्याचा माणूस नसतो.

या मुलाच्या बाबतीत पगाराच्या पावतीवर पूर्ण कर कापलेला होता. म्हणून त्यानं लगेच पैसे भरले नाहीत. पावत्या जोडून पोर्टलवर मागणीशी असहमत असल्याचं उत्तर दिलं, आणि कंपनीला टीडीएसची नोंद दुरुस्त करायला सांगितलं. पगारातून कापलेला कर मालकानं भरला नाही, म्हणून तो पुन्हा कामगाराकडून घेता येत नाही. 18 डिसेंबर ही तारीख तक्त्यात वेळेवर आली होती, म्हणूनच त्याला हे सगळं मुदतीत करता आलं.

जाता जाता, पॅन दिसणारा फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका. ज्यांच्याकडं तक्ता आहे त्यांनाच पाठवा, आणि नोंद झाली की मोबाईलमधून पुसून टाका.