नळ आले, तरी पाणी का नाही? सोसायटीच्या समितीला नेमकी तक्रार कशी लिहावी

फ्लॅटमधला नळ कोरडा पडला की समितीकडून बहुधा एकच उत्तर येतं. अमरावतीत ते असतं, ‘जीवन प्राधिकरणानं पाणीच सोडलं नाही’ आणि अकोल्यात, ‘महापालिकेचे नळ आलेच नाहीत’. कधी ते खरं असतं, कधी अर्धंच खरं असतं. चार दिवस पाण्यावाचून काढलेला सभासद रागाच्या भरात ‘नेहमीच पाणी नसतं’ असं लिहून मोकळा होतो आणि तेच उत्तर पुन्हा वाचतो. हे उत्तर येण्याआधीच त्याची वाट बंद करते, ती तक्रार पक्की. त्यासाठी ई-मेल लिहायला बसण्याआधी पाणी नेमकं कुठे अडतं, ते शोधावं लागतं.

पाणी अडण्याच्या तीन जागा

अमरावती शहराला पाणी मिळतं मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याजवळच्या अप्पर वर्धा धरणातून, आणि ते पुरवतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. धरण ते शहर हे अंतर मोठं आहे. मुख्य जलवाहिनी फुटली की दुरुस्ती होईपर्यंत शहराचा पुरवठा थांबतो. अकोल्याचं पाणी महान इथल्या काटेपूर्णा धरणातून येतं आणि वितरण महापालिका करते. धरणातला साठा घटला की दोन पाण्यांतलं अंतर वाढवलं जातं. ही झाली अडण्याची पहिली जागा, आणि ती सोसायटीच्या फाटकाबाहेर आहे.

दुसरी जागा म्हणजे खालची टाकी आणि मोटर. खालची टाकी भरलेली असूनही पाणी वर चढत नसेल, तर फूट व्हॉल्व्ह गळत असेल, मोटरचं प्रायमिंग सुटत असेल किंवा मोटर वेळेवर सुरूच केली जात नसेल. तिसरी जागा वरच्या टाकीनंतरची. एका विंगला पाणी आणि दुसरीला नाही, असं होत असेल तर व्हॉल्व्ह न फिरवणं, पाइपात हवा अडकणं किंवा गाळ साचणं यांपैकी काहीतरी असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेची जबाबदारी समितीची.

फरक ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. नळ येण्याच्या दिवशी शेजारच्या घरी पाणी आलं का, हे विचारावं. सोसायटीच्या मीटरचं वाचन पाणी येण्याआधी आणि गेल्यानंतर टिपावं. मीटर घनमीटर दाखवत असेल, तर एक युनिट म्हणजे १,००० लिटर. मीटर फिरलं, खालची टाकी भरली आणि तरी नळ कोरडा राहिला, तर दोष इमारतीतलाच.

महिन्याची नोंद

एक महिना रोज पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख, नळ आले की नाही, मीटरचे दोन आकडे, खालच्या टाकीची पातळी, आणि कोणत्या विंगचे कोणते मजले किती वाजेपर्यंत कोरडे होते. मोबाइलवर मीटरचा आणि टाकीचा फोटो काढला तर तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. ही नोंद दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून ठेवावी. एकट्याची वही वैयक्तिक कुरबूर ठरते, तिघांची वही पुरावा ठरते.

हिशेब: टाकी पुरते का?

समजा, इमारतीत २४ फ्लॅट आहेत आणि प्रत्येकी सरासरी ४ माणसं. म्हणजे ९६ माणसं. शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं. त्या मापानं इमारतीची रोजची गरज १२,९६० लिटर होते. खालची टाकी २०,००० लिटरची आणि दोन्ही विंगवर ५,००० लिटरची एकेक टाकी असेल, तर एकूण साठवण ३०,००० लिटर.

पाणी दिवसाआड येत असेल तर दोन दिवसांची गरज साधारण २६,००० लिटर, म्हणजे साठवण पुरते. अशा इमारतीत टाक्या भरूनही नळ कोरडे पडत असतील तर मागणी दुरुस्तीची आणि व्यवस्थापनाची करायची. पण हीच इमारत चार दिवसांनी पाणी येणाऱ्या भागात असेल, तर गरज जवळपास ५२,००० लिटरवर जाते. तिथे मोटर कितीही नीट चालली तरी २२,००० लिटर कमीच पडणार. अशा ठिकाणी मागणी साठवण वाढवण्याची, आणि तोवर टँकरचा खर्च सर्वांत कसा वाटायचा ते ठरवण्याची असायला हवी. हा हिशेब न करता लिहिलेली तक्रार चुकीची मागणी करते, आणि समितीला ती फेटाळणं सोपं जातं.

‘बोअर मारू’ हा तोडगा समितीकडून हमखास येतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला आणि अमरावती जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तिथे बोअरचं पाणी खारं लागू शकतं, म्हणून पाण्याची तपासणी झाल्याशिवाय तो खर्च मान्य करू नये.

ई-मेलचा नमुना

आता वरच्याच इमारतीची एक कल्पित तक्रार पाहू. ती अमरावतीत आहे, पाणी दिवसाआड येतं, आणि एकच मोटर दोन्ही विंगच्या टाक्या भरते. टाकी बदलताना व्हॉल्व्ह हातानं फिरवावा लागतो.

> विषय: ब विंगमधील पाणीपुरवठा वारंवार खंडित होणे – १ ते ३० एप्रिल – लेखी तक्रार
>
> प्रति,
> मा. अध्यक्ष / मा. सचिव,
> व्यवस्थापक समिती
>
> सप्रेम नमस्कार.
>
> एप्रिलमध्ये पाणी येण्याचे १५ दिवस होते. त्यांपैकी ९ दिवशी ब विंगच्या तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर पाणी मिळाले नाही. त्याची फोड अशी:
>
> १. दि. ७, ९ आणि २१ रोजी शहराचा पुरवठाच बंद होता. याबाबत समितीकडे तक्रार नाही.
>
> २. दि. ३, ११, १९ आणि २७ रोजी खालची टाकी भरलेली होती व अ विंगला पाणी होते. ब विंगच्या टाकीचा व्हॉल्व्ह मात्र दुपारपर्यंत उघडला गेला नाही.
>
> ३. दि. १३ आणि २५ रोजी मोटर चालू होती, पण पाणी उचलत नव्हती. दोन्ही विंग दुपारी १ वाजेपर्यंत कोरड्या होत्या. दि. १३ रोजी मीटरनुसार सोसायटीला २४ युनिट, म्हणजे २४,००० लिटर पाणी मिळाले होते.
>
> म्हणजे ९ पैकी ६ वेळा पाणी सोसायटीत आलेले असूनही ते घरापर्यंत पोचले नाही. त्यामुळे पुढील मागण्या आहेत:
>
> अ) फूट व्हॉल्व्ह व मोटरची तपासणी ७ दिवसांत करून घ्यावी.
> आ) दोन्ही विंगच्या टाक्या भरण्याची वेळ ठरवून ती वॉचमनकडील रजिस्टरमध्ये रोज नोंदवावी.
> इ) दोन्ही टाक्या आपोआप भरतील अशा व्यवस्थेचे किमान दोन लेखी दर मागवून पुढील समिती सभेत ठेवावेत.
> ई) शहराचा पुरवठा बंद राहणार असल्यास त्याची सूचना दोन्ही विंगच्या फलकावर लावावी.
>
> ही तक्रार पुढील समिती सभेत घेऊन झालेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.
>
> सोबत: महिन्याची नोंद, मीटर व टाकीचे फोटो, तीन सभासदांच्या सह्या.
>
> आपला,
> सभासद, फ्लॅट क्र. ब-३०२

या पत्रात ताकद कुठे आहे

पहिल्या मुद्द्यात तीन दिवस स्वतःहून समितीच्या खात्यातून वजा केले आहेत. त्यामुळे उरलेल्या सहा दिवसांवर ‘वरूनच पाणी नव्हतं’ असं म्हणता येत नाही. कारणं वेगळी आहेत म्हणून मागण्याही वेगळ्या आहेत. व्हॉल्व्हसाठी रजिस्टर, मोटरसाठी मेकॅनिक. प्रत्येक मागणी अशी आहे की ती पूर्ण झाली की नाही, हे जाऊन पाहता येतं. ‘पाण्याची योग्य व्यवस्था करावी’ या वाक्याची अशी तपासणी होऊ शकत नाही, म्हणून ते कुठेच नाही.

वॉचमनचं नाव पत्रात नाही, कारण त्याला वेळापत्रक देणं समितीचं काम. मेंटेनन्स रोखून धरण्याची धमकीही नाही. थकबाकीदार झालेल्या सभासदाच्या तक्रारीचं वजन लगेच घटतं. सचिवकाका रोज जिन्यात भेटत असतील, तर त्यांच्याशी बोलावं जरूर, पण बोलण्याला तारीख नसते.

उत्तर आलं नाही तर

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तक्रारीची वाट आखून दिलेली आहे. सभासदानं तपशिलासह लेखी तक्रार पदाधिकाऱ्याकडे द्यायची, समितीनं त्यानंतरच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि तो पुढच्या १५ दिवसांत सभासदाला कळवायचा. समितीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. म्हणून ई-मेल सोसायटीच्या अधिकृत पत्त्यावर पाठवावा, शिवाय त्याची छापील प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. मुदत पुढे याच तारखांवरून मोजली जाते.

त्यानंतरचा रस्ता पाणी कुठे अडतं यावरच ठरतो. सोसायटीला किंवा सभासदांना पाणी अपुरं मिळत असेल, तर उपविधी स्थानिक संस्थेकडे जायला सांगतात. अमरावतीत पुरवठा प्राधिकरणाचा असल्यानं त्याच्या कार्यालयातही सोसायटीचा ग्राहक क्रमांक देऊन तक्रार नोंदवावी. इमारतीत पाणी येतं, पण सभासदांना असमान मिळतं, तर तो सभासद आणि संस्था यांच्यातला वाद आणि त्याची जागा सहकार न्यायालय. ब विंगचे चार दिवस या दुसऱ्या प्रकारात बसतात.

एक अडचण आधीच तपासून घ्यावी. आपल्या शहरांतल्या सगळ्याच इमारती सहकारी संस्था म्हणून नोंदलेल्या नसतात. काही ठिकाणी १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असोसिएशन असते, तर काही ठिकाणी नुसतीच पैसे गोळा करणारी कमिटी. वरची मुदत आणि सहकार न्यायालयाची वाट सहकारी संस्थेसाठी आहे. असोसिएशन असेल तर तिचं घोषणापत्र आणि उपविधी पाहावे लागतात. नोंदणी काय आहे, हे ई-मेल लिहिण्याआधीच विचारून घ्यावं.

दुरुस्ती झाल्यावरही नोंदवही लगेच मिटू नये. पाण्याच्या निदान पाच-सहा पाळ्या दोन्ही विंगला वेळेवर पाणी मिळालं, तरच तक्रार निकाली निघाल्याचं लेखी कळवावं. तसं कळवलं की चांगल्या कामाची नोंद समितीच्या नावावर राहते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नळ कोरडे पडले तर तुलनेसाठी आकडे हाताशी असतात.