काल की काळ?

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण संगणकावर टंकताना दोनदा शिफ्टची कळ निसटली, तर ‘काल आला होता, पण वेल आली नव्हती’ असं छापून येईल. इनस्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत. ळ हवा असेल तर शिफ्ट दाबावं लागतं. स्पेलचेकर इथे गप्प बसतो, कारण काल आणि वेल हेही अस्सल मराठी शब्द आहेत.

कानावर भिस्त ठेवावी, तर तीही सगळ्यांना पुरत नाही. ळ उच्चारताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, ल उच्चारताना ते दातांच्या मुळाशी टेकतं. पण आगरी-कोळी बोलींत ‘डोळा’चा ‘डोला’ होतो आणि वऱ्हाडीत ‘डोया’. त्या बोलींत काहीच चुकत नाही. मात्र प्रमाण लेखन करताना नुसतं कानाने ठरवणं अशा घरांतल्या मुलांना जड जातं. आपल्याला खात्रीने सांगता येतं ते एवढंच, की मराठी शब्दाची सुरुवात ळ ने होत नाही.

शब्दाच्या पोटात किंवा शेवटी ल की ळ, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या शब्दाच्या वंशावळीत सापडतं. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ल असेल, तर मराठीत येईपर्यंत त्याचा ळ झाला: फल–फळ, शाला–शाळा, नील–निळा. प्राकृतात जिथे जोड ल्ल होता, तिथे मराठीत साधा ल उरला. तैलचं प्राकृतात तेल्ल झालं आणि आपल्याकडे तेल. मूल्यचं मोल्ल आणि मग मोल. म्हणूनच फळात ळ असून फुलात ल आहे, कारण फूल आलं ते फुल्लवरून.

आता वरची म्हण तपासून पाहू. वेळ आली वेला या शब्दातून, तिथे ल एकटा होता. वेल आली वल्लीतून, तिथे ल्ल होता. काळाचं मूळ काल. आणि आदल्या दिवसाचा ‘काल’? तो कल्य या शब्दाचा वंशज. ल्यचा ल्ल झाला आणि ल टिकला. ळ ला दुसरीही एक वाट आहे, ती ड ची: गुडचा गूळ, षोडशचे सोळा, तडागचं तळं.

हा नियम घडला तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडात रुळलेल्या शब्दांवर. संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले कला, कोमल, विशाल यांना तो लागू नाही. फारसी-अरबीतून आलेले लाल, महाल, रुमाल हेही त्याच्या बाहेरचे. खरी दमछाक होते ती जोडशब्दांत. स्थळ लिहितो, पण स्थलांतर. काळ लिहितो, पण कालावधी. मूळ लिहितो, पण मूलभूत. हे शब्द संस्कृत घडणीचे म्हणून ल राहिला, असं म्हणावं, तर ‘प्रयोगशाळा’ आडवी येते. शाळा, पण शालेय! इथे तर्क लढवत बसण्यापेक्षा कोश उघडलेला बरा.

कोशात शोधताना एक ध्यानात हवं. मराठी वर्णमालेत ळ चं स्थान ह च्या नंतर आहे. त्या क्रमाने लावलेल्या कोशात वेल ‘वेर’नंतर लगेच येतो, तर वेळ पार ‘वेह’च्याही पुढे. तेव्हा शंका असली की दोन्ही जागी पाहावं, आणि नुसता शब्द सापडला म्हणून न थांबता अर्थ वाचावा. गाल आणि गाळ दोन्ही सापडणारच. ‘मुळाशी’ अडलं तर ‘मूळ’ काढावं, कारण कोशात मूळ रूपच मिळतं. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त नोंदीशी कंसात व्युत्पत्ती दिलेली असते; तिथे ‘सं.’ की ‘फा.’ हे पाहिलं की ल किंवा ळ का, याचाही बहुधा उलगडा होतो.

हा कोश आणि मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मात्र दोन्ही १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे आहेत. ल-ळ साठी ते खुशाल वापरावेत. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घासाठी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ जवळ ठेवावा.