बारीतील मांजर, घुरव्यातील पुटी आणि गर्भातील बाळ

भिलाईच्या पोलाद वसाहतीतील क्वार्टरमागे असो किंवा दुर्ग जिल्ह्यातील खेड्यात असो, घरामागच्या भाजीच्या तुकड्याला छत्तीसगढीत ‘बारी’ म्हणतात आणि खताच्या खड्ड्याला ‘घुरवा’. राज्यशासनाने 2019 मध्ये ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’ ही योजना हाती घेतल्यापासून हे दोन्ही शब्द शासकीय कागदपत्रांतही रूढ झाले. बारीतील भुसभुशीत, ओलसर माती कोथिंबिरीला आणि लाल भाजीला जशी मानवते, तशीच ती मांजरालाही आवडते. विष्ठा उकरून झाकण्यासाठी त्याला अशीच माती हवी असते. या सवयीमुळे टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी मांजराच्या आतड्यातून बारीत, बारीतून ताटात आणि क्वचित गर्भातील बाळापर्यंत पोहोचू शकतो. हा मार्ग नेमका कोठे तुटतो हे ठाऊक असले, तर मांजराला हाकलण्याची वेळ येत नाही आणि गर्भवतीच्या मनात विनाकारण भीतीही घर करत नाही.

मांजरच का?

हा परजीवी प्रथम 1908 मध्ये आढळला. ट्युनिस येथे निकोल आणि मान्सो यांना तो गुंडी नावाच्या कृंतक प्राण्यात दिसला, तर त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोर यांना तो सशात सापडला. गर्भावस्थेत आईकडून बाळाला त्याची लागण होते, हे 1930च्या दशकाअखेरीस न्यूयॉर्कमधील एका नवजात बालकाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. मात्र तो निसर्गात पसरतो कसा, हे कोडे पुढे तीन दशके सुटले नाही. कच्च्या मांसातून लागण होते हे पटण्यासारखे होते. पण शाकाहारी माणसांत आणि गवत खाणाऱ्या शेळ्यामेंढ्यांत तो कोठून येतो?

या कोड्याचा पहिला दुवा 1965 मध्ये स्कॉटलंडमधील हचिसन यांच्या हाती लागला. त्यांनी लागण झालेले उंदीर मांजराला खाऊ घातले आणि त्या मांजराची विष्ठा पाण्यात साठवून ठेवली. वर्षभरानंतरही ती उंदरांना लागण करण्यास समर्थ होती. त्या मांजराच्या पोटात गोल जंतही होते, त्यामुळे परजीवी जंताच्या अंड्यात बसून प्रवास करतो, असा तर्क प्रथम मांडला गेला. पुढे जंतमुक्त मांजरांवर प्रयोग झाले. जंत नसतानाही विष्ठेतून लागण झाली आणि तो तर्क मागे पडला. 1970च्या सुमारास मांजराच्या आतड्यातील लैंगिक पुनरुत्पादन आणि त्यातून बनणारी टणक कवचाची पुटी, म्हणजेच ऊसिस्ट, यांची ओळख पटली. भारतात पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेले जे. पी. दुबे हे या शोधात अग्रभागी असलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक होत.

उंदीर, पक्षी, शेळी, डुक्कर, माणूस हे सर्व या परजीवीचे मध्यस्थ यजमान आहेत. त्यांच्या शरीरात तो केवळ विभाजनाने वाढतो आणि अखेरीस स्नायूंत व मेंदूत सूक्ष्म पुट्या करून सुप्त राहतो. नर व मादी अवस्था मात्र फक्त मार्जारकुळातील प्राण्यांच्या आतड्यात तयार होतात. म्हणून हे कूळ त्याचा अंतिम यजमान ठरते. घरचे मांजर त्या कुळातले आणि भिलाईच्या मैत्री बागेतील पांढरा वाघही त्याच कुळातला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यामागचे एक कारण उलगडले. डेल्टा-6-डिसॅच्युरेज हे विकर मांजराच्या आतड्यात कार्य करत नाही, त्यामुळे तेथे लिनोलेइक आम्ल साचते आणि परजीवीला लैंगिक अवस्थेत जाण्याची खूण मिळते. संशोधकांनी उंदरांमध्ये हे विकर औषधाने रोखले व आहारातून लिनोलेइक आम्ल वाढवले, तेव्हा उंदरांच्या आतड्यातही ऊसिस्ट तयार झाले.

वीस दिवसांचा हिशेब

समजा, एखाद्या घरातील तीन महिन्यांच्या पिल्लाने आयुष्यातील पहिला उंदीर मारून खाल्ला आणि त्या उंदराच्या मेंदूत परजीवीच्या पुट्या होत्या. साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसादरम्यान पिल्लाच्या विष्ठेतून ऊसिस्ट पडू लागतात. पुढे एक-दोन आठवडे ते पडत राहतात आणि त्यांची एकूण संख्या कोट्यवधी होऊ शकते. पिल्लू बहुधा निरोगीच दिसते. त्यानंतर त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होते आणि पुन्हा ऊसिस्ट पडण्याचा प्रसंग सहसा येत नाही. त्यामुळे अनेक वर्षे उंदीर मारत आलेल्या म्हाताऱ्या मांजरापेक्षा नुकतेच शिकार शिकलेले पिल्लू अधिक महत्त्वाचे ठरते.

ताजी विष्ठा लगेच लागण करत नाही. ऊसिस्टला हवा व ओलावा मिळाला की तापमानानुसार एक ते पाच दिवसांत तो पिकतो आणि मगच संसर्गक्षम होतो. रोजच्या रोज विष्ठा उचलली तर साखळी येथेच तुटते. दोन-तीन दिवसांनी उचलण्यात मात्र तेवढी खात्री उरत नाही.

पिकलेला ऊसिस्ट मात्र चिवट असतो. ओलसर, सावलीतील मातीत तो वर्षभराहून अधिक काळ टिकू शकतो. नळाच्या पाण्यात घातल्या जाणाऱ्या क्लोरीनने तो मरत नाही. 2004-05 मध्ये कोइम्बतूर येथे या परजीवीमुळे झालेल्या नेत्रविकाराचे 248 रुग्ण नोंदले गेले, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्याच्या स्रोतावर होता. ऊसिस्टचा खरा शत्रू उष्णता आहे. प्रयोगशाळेत 40 अंश सेल्सियसला तो नऊ दिवस जिवंत राहिला, 45 अंशांना दोन दिवसही टिकला नाही, 55 अंशांना दोन मिनिटांत आणि 60 अंशांना एका मिनिटात निष्क्रिय झाला.

घुरव्याच्या दृष्टीने हे आकडे मोलाचे आहेत. शेण, पालापाचोळा व ओलावा यांचे प्रमाण योग्य राखून थर पलटत राहिलेल्या ढिगाचा गाभा 55 ते 60 अंशांपर्यंत तापतो आणि तेथे ऊसिस्ट टिकत नाही. ढिगाची कड व वरचा थर मात्र थंड राहतो, म्हणून पलटताना कडेचे खत आत जाणे आवश्यक असते. जो खड्डा नुसता भरत जातो आणि कधी तापत नाही, त्यात ही हमी नसते. गांडूळखत तर थंडच ठेवावे लागते, शिवाय गांडुळे ऊसिस्ट मातीत इकडेतिकडे नेऊ शकतात. त्यामुळे मांजराची विष्ठा गांडूळखताच्या वाफ्यात किंवा न तापणाऱ्या घुरव्यात टाकणे योग्य नव्हे. ती बारीपासून दूर खोल पुरावी.

कीटकांचा वाटाही येथे ध्यानात घ्यावा लागतो. घरमाश्या व झुरळे विष्ठेवरून अन्नापर्यंत ऊसिस्ट वाहून नेऊ शकतात, हे वॉलेस यांनी 1970च्या दशकाच्या आरंभी प्रयोगांनी दाखवले. परजीवी या कीटकांत वाढत नाही. ते केवळ ओझेवाले असतात. तरीही उघड्या अन्नावर झाकण आणि झुरळांचा बंदोबस्त हा या साखळीवरचा आणखी एक अडसर ठरतो.

गर्भापर्यंतचा मार्ग

बाळाला धोका प्रामुख्याने तेव्हा असतो, जेव्हा आईला आयुष्यातील पहिली लागण गर्भारपणातच होते. त्या वेळी परजीवी रक्तातून वारेत आणि तेथून गर्भात जातो. आईला पूर्वी कधी लागण होऊन गेली असेल, तर निरोगी स्त्रीच्या शरीरातील प्रतिकारशक्ती सामान्यतः गर्भाचे रक्षण करते.

पहिली लागण कोणत्या आठवड्यात झाली, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. फ्रान्समधील लिऑं येथील मातांच्या नोंदींवर आधारित अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. यातील बहुतेक मातांना औषधोपचार मिळाले होते. त्यातील प्रमाण प्रत्येकी शंभर मातांवर मांडले, तर असे चित्र दिसते. तेराव्या आठवड्यात प्रथम लागण झालेल्या शंभर मातांपैकी सहा जणींच्या बाळांना लागण होते. पण त्या सहांपैकी तीन-चार बाळांत आजाराची लक्षणे उमटतात. सव्विसाव्या आठवड्यात लागण झालेल्या शंभर जणींपैकी चाळीस बाळांना लागण होते आणि दहांत लक्षणे दिसतात. छत्तिसाव्या आठवड्यात लागण बहात्तर बाळांपर्यंत पोहोचते, तरी लक्षणे सहा-सात बाळांतच आढळतात. म्हणजे गर्भ जितका लहान, तितकी लागण विरळ, पण झाली तर घाव खोल. गर्भपात, मेंदूत पाणी साचणे, मेंदूतील कॅल्शियमचे डाग आणि डोळ्यांच्या पडद्यावरील व्रण हे त्याचे परिणाम होत. उशिरा लागण झालेले बाळ जन्मतः निरोगी दिसू शकते आणि डोळ्यांचा विकार पुढे अनेक वर्षांनी डोके वर काढतो.

रक्ततपासणीचा अर्थ लावताना सर्वाधिक गोंधळ होतो. आयजीजी प्रतिपिंडे आढळणे याचा अर्थ लागण केव्हातरी झाली होती, एवढाच. आयजीएम आढळले की घरात घबराट पसरते, परंतु ही प्रतिपिंडे लागणीनंतर अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ रक्तात राहू शकतात. अशा वेळी डॉक्टर आयजीजी अॅव्हिडिटी तपासणी करून घेतात. पहिल्या सोळा आठवड्यांत ती ‘उच्च’ आली, तर लागण साधारणपणे गर्भधारणेपूर्वीची मानता येते. ‘कमी’ आल्यास मात्र लागण नवीनच आहे असे ठरत नाही, पुढील तपासण्या कराव्या लागतात. एकट्या आयजीएम अहवालावरून गर्भपाताचा विचार करणे सर्वथा चुकीचे होय. लागण नवी असल्याचे सिद्ध झाल्यास उपचार उपलब्ध आहेत. कोणते औषध केव्हा द्यावे हे स्त्रीरोगतज्ज्ञाने ठरवायचे असते.

गोठ्यातील इशारा

विस्तार कार्यकर्त्याला या परजीवीची चाहूल घरापेक्षा गोठ्यात आधी लागू शकते. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपात गाभण काळाच्या उत्तरार्धात गर्भपात होऊ लागले, काही पिले वाळलेल्या अवस्थेत पडली आणि वारेच्या फुलांवर एक-दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके दिसले, तर टॉक्सोप्लाझ्माचा संशय घ्यावा. ब्रुसेलासारखी अन्य कारणेही असल्याने निदान प्रयोगशाळेतच होते. पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी हाताळू नये आणि गर्भवतीने तर त्या कामाजवळही जाऊ नये. चाऱ्याच्या व खुराकाच्या खोलीत मांजर व्यायले तर पिलांची विष्ठा थेट खुराकात मिसळते, म्हणून ती खोली बंद ठेवावी. अशा कळपाचे दूध उकळूनच प्यावे.

गर्भवती असलेल्या घरासाठी

मांजराची विष्ठा रोज उचलावी आणि हे काम घरातील अन्य व्यक्तीने करावे. मांजराला कच्चे मांस देऊ नये. बारीत खुरपणी करताना गर्भवतीने हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, काकडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, कारण मिठाच्या पाण्यात नुसते बुडवून ऊसिस्ट मरत नाही. मटण आतपर्यंत गुलाबीपणा जाईतो शिजवावे. 67 अंशांना मांसातील पुट्या नष्ट होतात. मांजराला कुरवाळल्याने लागण होण्याची शक्यता अत्यल्प आहे, कारण विष्ठा झाकून अंग चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या या प्राण्याच्या केसांवर पिकलेले ऊसिस्ट सहसा राहत नाहीत. काळजी घ्यायची ती बारीतील मातीची, न तापलेल्या घुरव्याची आणि अर्धवट शिजलेल्या मांसाची.